लॅक्टेटचा फेरा : स्नायूतून यकृताकडे आणि परत

विरजण लावलेल्या दुधाचे रात्रभरात दही होते. चारशे मीटरची शर्यत जोर लावून धावलेल्या खेळाडूच्या रक्तात काही मिनिटांतच लॅक्टेटचे प्रमाण विश्रांतीच्या पंधरा-वीस पट झालेले आढळते. पातेल्यातले जीवाणू आणि मांडीतल्या स्नायूपेशी यांच्यात उत्क्रांतीचे प्रचंड अंतर असले, तरी दोन्ही ठिकाणी शेवटची रासायनिक पायरी एकच असते. ग्लुकोजचा सहा कार्बनांचा रेणू मोडून पायरुवेटचे तीन-तीन कार्बनांचे दोन रेणू तयार होतात आणि प्रत्येक पायरुवेटला हायड्रोजन जोडला जाऊन त्याचे लॅक्टेट बनते. या प्रक्रियेला लॅक्टेट किण्वन म्हणतात. दह्याचा आंबटपणा आणि धावपटूच्या रक्तातले वाढलेले लॅक्टेट ही तिचीच दोन फळे आहेत.

या शेवटच्या पायरीचे एक वैशिष्ट्य चटकन लक्षात येत नाही. पायरुवेटचे लॅक्टेट होताना पेशीला ऊर्जा अजिबात मिळत नाही. जी काही मिळायची ती त्याआधीच, ग्लुकोजपासून पायरुवेटपर्यंतच्या वाटेवर मिळून चुकलेली असते : ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे निव्वळ दोन रेणू. मग पेशी ही जादा पायरी घेतेच कशाला? पायरुवेट तसेच बाहेर का टाकून देत नाही? याचे उत्तर एनएडी नावाच्या एका लहानशा सहविकरात आहे. लॅक्टेट तयार करणे हा पेशीचा उद्देश नसतो. तिला एनएडी परत हवा असतो आणि लॅक्टेट हे त्या वसुलीत मागे उरणारे द्रव्य आहे. हा मुद्दा एकदा पक्का झाला, की पुढे यकृत त्याच लॅक्टेटचे ग्लुकोज करण्याचा खटाटोप का करते आणि तो कुठे बिघडू शकतो, हेही उलगडत जाते.

ग्लुकोज-विघटनाच्या दहा पायऱ्यांपैकी सहावी पायरी इथे कळीची आहे. तोपर्यंत ग्लुकोजचे दोन तुकडे झालेले असतात आणि प्रत्येक तुकडा ग्लिसराल्डिहाइड-3-फॉस्फेट या रूपात असतो. त्याचे ऑक्सिडीकरण करायचे, म्हणजे त्याच्याकडून हायड्रोजन काढून घ्यायचा, तर तो घ्यायला कोणीतरी हवे. ते काम एनएडी करतो आणि हायड्रोजन उचलून स्वतः एनएडीएच होतो. याच पायरीवर पुढच्या एटीपीची तयारी होते, त्यामुळे तिला वगळून पुढे जाता येत नाही. रिकामा एनएडी नसेल तर सहावी पायरी थांबते आणि तिच्यामागे सगळे विघटन तुंबते.

पेशीत एनएडीचा साठा असतो तरी किती? स्नायूच्या एका किलोमागे हा सगळा साठा एक मिलिमोलही भरत नाही. दुसऱ्या बाजूला चारशे मीटरची शर्यत संपते तेव्हा मांडीच्या स्नायूत किलोमागे वीस-पंचवीस मिलिमोल लॅक्टेट साठलेले असू शकते, आणि तेही पन्नास-एक सेकंदांत. म्हणजे दर सेकंदाला, दर किलोला सरासरी अर्धा मिलिमोल लॅक्टेट तयार झाले आणि तेवढाच एनएडी सहाव्या पायरीवर वापरला गेला. एनएडी परत मिळाला नसता तर सगळा साठा एक-दोन सेकंदांत संपून धावपटू सुरुवातीच्या रेषेपासून फार दूर गेला नसता. हिशेब ढोबळ असला तरी त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. एनएडी हे खर्ची पडणारे इंधन नाही. गावच्या दूध डेअरीचे मोजके कॅन जसे रोज रिकामे होऊन परत आले तरच दुसऱ्या दिवशीचे संकलन चालते, तसा तो भरला जाऊन, रिकामा होऊन पुन्हा कामाला लागावा लागतो.

रिकामे होण्याच्या वाटा दोन. ऑक्सिजन आणि तंतुकणिका दोन्ही पुरेशा असतील तर एनएडीएचवरचा हायड्रोजन तंतुकणिकेकडे सोपवला जातो. तिथे त्याचा शेवट ऑक्सिजनशी संयोग होऊन पाण्यात होतो आणि वाटेत पुष्कळ एटीपी मिळतो. ही वाट फायद्याची असली तरी तिच्या वेगाला मर्यादा आहे. दुसरी वाट म्हणजे लॅक्टेट डिहायड्रोजिनेज हे विकर. ते एनएडीएचवरचा हायड्रोजन थेट पायरुवेटवर चढवते. पायरुवेटचे लॅक्टेट होते आणि एनएडी सहाव्या पायरीसाठी मोकळा होतो. या वाटेला ना ऑक्सिजन लागतो ना तंतुकणिका, आणि ती अतिशय वेगवान आहे. यीस्टने हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आहे. ते पायरुवेटमधून कार्बन डायऑक्साइड काढून टाकते आणि उरलेल्या ॲसिटाल्डिहाइडवर हायड्रोजन चढवून अल्कोहोल बनवते. उत्पादन वेगळे असले तरी हेतू तोच.

दह्यातल्या बहुतेक जीवाणूंकडे ऑक्सिजन वापरणारी श्वसनसाखळी कामाच्या स्थितीत नसते. दुधावर साय असो वा नसो, पातेले उघडे असो वा झाकलेले, त्यांना किण्वनच करावे लागते. ते दुधातील लॅक्टोज शर्करा मोडतात, विघटनातून एटीपी घेतात आणि लॅक्टेट बाहेर सोडतात. दुधाचा सामू 6.6 च्या आसपास असतो. तो उतरत 4.6 च्या जवळ आला की केसीन हे प्रथिन एकमेकांना चिकटून जाळे धरते आणि दही लागते. आंबटपणा आणखी वाढला की जीवाणूंचीच वाढ मंदावते. दुधातली बरीचशी शर्करा न वापरता शिल्लक राहते, कारण साठलेले आम्ल उचलून नेणारे तिथे कोणी नसते. प्राण्यांच्या शरीरात मात्र ते असते, आणि स्नायूचा पातेल्याशी असलेला सारखेपणा इथेच संपतो.

या सगळ्याची माहिती तुकड्या-तुकड्यांनी आणि उलटसुलट क्रमाने मिळत गेली. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल शील याने 1780 मध्ये आंबलेल्या दुधातून लॅक्टिक आम्ल वेगळे केले. 1808 मध्ये बर्झेलियसला ते शिकार केलेल्या हरणांच्या स्नायूंत आढळले. पण स्नायूत ते नेमके केव्हा तयार होते हे शंभर वर्षे कळेना, आणि याचे कारण गमतीचे होते. मोजण्यासाठी स्नायू बारीक केला की त्या धक्क्यानेच त्यात लॅक्टेट तयार व्हायचे, त्यामुळे विश्रांत स्नायू आणि दमलेला स्नायू यांच्या मापांत फरक दिसत नसे. केंब्रिजमधील फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी 1907 मध्ये बेडकाचे स्नायू बर्फासारख्या गार अल्कोहोलमध्ये टाकून विकरे जागच्या जागी थांबवली आणि मगच मोजणी केली. तेव्हा दिसले, की विश्रांत स्नायूत लॅक्टेट अगदी थोडे असते, ऑक्सिजनविना दमवल्यावर ते साठते आणि त्याच स्नायूला ऑक्सिजन दिला की ते नाहीसे होऊ लागते. नमुना घेताना होणारी ही चूक आजही रुग्णालयांत होते. तिचा उल्लेख पुढे येईलच.

एनएडीचा शोध मात्र यीस्टमधून लागला. 1906 मध्ये लंडनमध्ये हार्डन आणि यंग यांनी यीस्टचा रस दाबाखाली जिलेटिनच्या गाळणीतून गाळला. गाळणीवर राहिलेला भाग एकट्याने किण्वन करीना आणि खाली उतरलेले पाणीही करीना. दोन्ही एकत्र केले की किण्वन सुरू. शिवाय खालचे पाणी उकळून घेतले तरी चाले. उकळल्यावर विकर टिकत नाही, म्हणजे त्या पाण्यात विकराहून लहान आणि उष्णतेला दाद न देणारे काहीतरी होते. त्या ‘सहकिण्वा’तला एक मुख्य घटक एनएडी ठरला. फॉन ऑयलर-केल्पिन याने पुढे त्याच्या शुद्धीकरणावर काम केले. त्याला आणि हार्डनला 1929 चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. 1930 च्या दशकात ओटो वारबुर्गच्या प्रयोगशाळेने या प्रकारच्या सहविकरांतला निकोटिनामाइडचा भागच हायड्रोजन वाहतो हे दाखवले. हा भाग आहारातील नियासिनपासून, म्हणजे ब3 जीवनसत्त्वापासून येतो आणि थोडाफार ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासूनही तयार होतो. नियासिन कमी पडल्याने होणारा पेलाग्रा मक्यावर जगणाऱ्या लोकांमधला रोग म्हणून ओळखला जाई. 1960 च्या सुमारास हैदराबादच्या पोषणतज्ज्ञांनी तो दख्खनच्या पठारावर मुख्यतः ज्वारी खाणाऱ्या गरिबांतही नोंदवला.

एनएडीची वसुली हेच लॅक्टेट बनवण्याचे कारण, हा दावा निव्वळ तर्कावर उभा नाही. निसर्गाने त्याचा प्रयोगही करून ठेवला आहे. 1980 मध्ये जपानी वैद्यकांनी एका तरुणाची माहिती प्रसिद्ध केली. जोराचा व्यायाम झाला की त्याच्या स्नायूंना इजा होई आणि स्नायूंतले मायोग्लोबिन लघवीत उतरे. अशा रुग्णांची एक चाचणी असते. दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळून हाताकडे जाणारे रक्त अडवतात, रुग्णाला काही वेळ मूठ जोराने आवळायला-सोडायला लावतात आणि नंतर त्याच हाताच्या शिरेतून ठरावीक अंतराने रक्त घेतात. निरोगी माणसात लॅक्टेट कित्येक पटींनी चढते आणि पायरुवेट थोडेसे वाढते. या तरुणात लॅक्टेट जेमतेम हलले आणि पायरुवेट मात्र भलतेच वाढले. स्नायूमधील लॅक्टेट डिहायड्रोजिनेजचा मुख्य घटक त्याच्यात जन्मतःच नव्हता.

या निष्कर्षाचा बारकावा पाहण्यासारखा आहे. ग्लुकोजचे विघटन पायरुवेटपर्यंत होत होते, म्हणजे त्याआधीची सगळी विकरे शाबूत होती. लॅक्टेट ही केवळ टाकाऊ वस्तू असती तर ती न बनवणाऱ्या माणसाचे काहीच बिघडायला नको होते. उलट तो जास्त काटक निघायला हवा होता. प्रत्यक्षात त्याचे स्नायू जोराच्या कामात लवकर अडत, कारण एनएडीएच साठून राही, सहावी पायरी मंदावे आणि एटीपीचा पुरवठा आटे. मॅकार्डल रोगात याच चाचणीचे चित्र वेगळे येते. त्या रोगात स्नायूतले ग्लायकोजेन मोडणारे विकरच नसते, त्यामुळे लॅक्टेट आणि पायरुवेट दोन्ही सपाट राहतात. एक पट्टा, काही नळ्या आणि दोन मापे एवढ्यावर अडथळा वाटेच्या सुरुवातीला आहे की शेवटाला, हे ओळखता येते.

स्नायूने सोडलेल्या लॅक्टेटचे पुढे काय होते, या प्रश्नावर 1920 च्या दशकात ओटो मायरहोफचे मत प्रमाण मानले जाई. बेडकाच्या सुट्या स्नायूवर काम करून त्याने दाखवले होते, की ऑक्सिजन मिळाल्यावर लॅक्टेटचा लहान हिस्सा जळतो आणि मोठा हिस्सा त्याच स्नायूत पुन्हा ग्लायकोजेन होतो. सुट्या स्नायूपुरते ते खरे होते. मात्र सुटा स्नायू रक्ताभिसरणाला जोडलेला नसतो, हे विसरून चालत नाही.

ती जोडणी कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने केली. दोघेही प्रागमध्ये शिकलेले. 1922 मध्ये ते अमेरिकेत बफेलो येथे गेले आणि जिवंत, अखंड उंदरांवर त्यांनी काम सुरू केले. ॲड्रेनालिन टोचल्यावर स्नायूतले ग्लायकोजेन घटे, रक्तात लॅक्टेट वाढे आणि काही वेळाने यकृतातले ग्लायकोजेन वाढलेले सापडे. स्नायूतून निघालेले यकृतात पोचत होते. मधला वाहक रक्तातले लॅक्टेट. मग त्यांनी उंदरांना लॅक्टिक आम्लच खाऊ घातले. या आम्लाची डावी-उजवी अशी दोन आरसारूपे असतात. स्नायूत बनते त्या रूपापासून यकृतात भरपूर ग्लायकोजेन तयार झाले. आरशातल्या दुसऱ्या रूपापासून जवळजवळ नाहीच. दह्यातले काही जीवाणू हे दुसरे रूपही बनवतात. प्राण्यांचे लॅक्टेट डिहायड्रोजिनेज त्याला हात लावत नाही, त्यामुळे ते वेगळ्या आणि संथ वाटेने निकालात निघते. 1929 मध्ये कोरींनी हे सगळे एका चक्रात मांडले : स्नायूतले ग्लायकोजेन, रक्तातले लॅक्टेट, यकृतातले ग्लायकोजेन, रक्तातले ग्लुकोज आणि पुन्हा स्नायू. 1947 च्या वैद्यकाच्या नोबेलमधला अर्धा वाटा दोघांना ग्लायकोजेनवरील कामाबद्दल मिळाला आणि हा फेरा आज त्यांच्या नावाने ओळखला जातो.

स्नायूला हे काम स्वतः का करता येत नाही? त्याचे एक साधे कारण आहे. ग्लुकोज पेशीबाहेर सोडायचे तर त्याला चिकटलेला फॉस्फेट आधी काढावा लागतो. ते काम ग्लुकोज-6-फॉस्फेटेज हे विकर करते. ते यकृतात आणि मूत्रपिंडात असते; स्नायूत नसते म्हटले तरी चालेल. त्यामुळे स्नायूत शिरलेले ग्लुकोज ग्लुकोजच्या रूपात कधीच बाहेर येत नाही. लॅक्टेट मात्र पटलातल्या वाहक प्रथिनांतून सहज बाहेर पडते. स्नायूच्या साखरेला रक्तात यायचे तर लॅक्टेटच्या वेषातच यावे लागते.

यकृतात लॅक्टेट शिरले की पहिली गोष्ट घडते ती स्नायूतल्या शेवटच्या पायरीच्या नेमकी उलट. तेच विकर लॅक्टेटवरचा हायड्रोजन काढून एनएडीवर ठेवते. लॅक्टेटचे पुन्हा पायरुवेट होते आणि एनएडीएच तयार होतो. इथून ग्लुकोजकडे उलटे चालायचे, पण ग्लुकोज-विघटनातल्या तीन पायऱ्या एकदिशा आहेत. त्यांना वळसा घालावा लागतो. सर्वांत महागडा वळसा पहिला. पायरुवेट तंतुकणिकेत जाते, त्याला कार्बन डायऑक्साइड जोडला जातो आणि मग तो काढून टाकत फॉस्फोएनॉलपायरुवेट बनवले जाते. त्यासाठी प्रत्येक पायरुवेटमागे एक एटीपी आणि त्याच्याच किमतीचा एक जीटीपी खर्ची पडतो. पुढे आणखी एका पायरीवर एकेक एटीपी जातो. दोन लॅक्टेटपासून एक ग्लुकोज बनेपर्यंत एकूण सहा. वाटेत ती जुनी सहावी पायरीही उलटी चढावी लागते आणि तिला एनएडीएच हवा असतो. तो पहिल्याच पायरीवर, लॅक्टेटकडून, नेमका लागेल तेवढा मिळालेला असतो. एनएडीचा जमाखर्च स्नायूत जसा जुळला तसाच यकृतातही जुळतो.

एटीपीचा मात्र जुळत नाही. स्नायूने ग्लुकोजमागे दोन मिळवले, यकृताने तेच ग्लुकोज परत करायला सहा घालवले. प्रत्येक फेऱ्यात चारचा तोटा. स्नायूने स्वतःचे ग्लायकोजेन मोडले असेल तर त्याची कमाई तीन असते, पण ते ग्लायकोजेन पुढे भरून काढायलाही खर्च येतोच.

एका उदाहरणाने हे आकडे हाताशी येतात. शर्यतीनंतर धावपटूच्या अंगात विश्रांतीपेक्षा जास्तीचे सुमारे अर्धा मोल, म्हणजे 45 ग्रॅम लॅक्टेट आहे असे धरू. त्यातले सगळे यकृताकडे जात नाही. मोठा भाग हृदय आणि इतर स्नायू थेट जाळून टाकतात. एक पंचमांश, म्हणजे 9 ग्रॅम यकृताने ग्लुकोजसाठी घेतले असे समजू. हे 0.1 मोल लॅक्टेट झाले. त्यापासून 0.05 मोल म्हणजे पुन्हा 9 ग्रॅमच ग्लुकोज बनेल, कारण दोन लॅक्टेटमधले सगळे अणू मिळून एक ग्लुकोज होते. यासाठी 0.3 मोल एटीपी लागेल. यकृत हा एटीपी प्रामुख्याने मेद जाळून मिळवते. पामिटिक आम्लाचा एक रेणू पूर्ण जळला तर सुमारे 106 एटीपी मिळतात. त्या हिशेबाने 0.3 मोलसाठी पाऊण ग्रॅमाहूनही कमी मेद पुरतो. शर्यत संपल्यावर धावपटू पुष्कळ वेळ धापा टाकत राहतो, त्या जादा ऑक्सिजनातला एक छोटा वाटा या कामाला जातो.

हा व्यवहार तोट्याचा वाटतो, पण त्यातली अदलाबदल पाहिली की तो शहाणपणाचा ठरतो. जोरात आकुंचन पावणाऱ्या स्नायूला त्या क्षणी ग्लुकोजच हवे असते, कारण मेद जाळण्याचा वेग त्याला पुरत नाही. यकृताला मात्र घाई नसते. त्याला ऑक्सिजन मिळत असतो आणि मेद मुबलक असतो. फेऱ्यामुळे मेदातली ऊर्जा ग्लुकोजच्या नाण्यात बदलून स्नायूकडे जाते, तीही सावकाश, सवडीने.

तांबड्या रक्तपेशींच्या बाबतीत हा व्यवहार सवडीचा नसून रोजच्या गरजेचा आहे. या पेशींना तंतुकणिका नसतात. फुप्फुसातून भरभरून ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या पेशी स्वतः तो कणभरही जाळत नाहीत. चोवीस तास फक्त लॅक्टेट किण्वनावर जगतात. त्यांना मेद चालत नाही, कीटोनही चालत नाही. उपवासात, जेव्हा ग्लुकोजचा एकेक ग्रॅम मोलाचा असतो, तेव्हा या पेशींनी वापरलेल्या ग्लुकोजमधला बहुतेक कार्बन वाया जात नाही. तो लॅक्टेट होऊन यकृतात येतो आणि मेदाच्या जोरावर पुन्हा ग्लुकोज होऊन परत जातो. त्यामुळे कोरी चक्राला केवळ व्यायामाशी बांधणे बरोबर नाही. झोपलेल्या माणसातही ते चालूच असते, आणि ऑक्सिजन कमी पडला तरच लॅक्टेट बनते हा समजही तिथेच खोटा पडतो.

व्यायामाबाबतचा दुसरा समज अधिक चिवट आहे. डोंगर उतरून आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या ठणकतात, त्याला ‘लॅक्टिक ॲसिड साठले’ असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात जोराच्या शर्यतीनंतरही रक्तातले लॅक्टेट तास-दीड तासात पूर्वपदावर येते. स्वस्थ बसण्याऐवजी हलके चालत किंवा धावत राहिले तर आणखी लवकर, कारण चालते स्नायू तेच जाळतात. दोन दिवसांनी ठणकायला ते तिथे उरलेलेच नसते. उतरताना ताणाखाली लांबत जाणाऱ्या स्नायुतंतूंना झालेली सूक्ष्म इजा आणि तिच्याभोवतीचा दाह हे त्या ठणक्याचे कारण आहे.

फेरा बिघडतो तो बहुधा यकृताच्या टोकाला. मद्याचे उदाहरण त्यातले सर्वांत बोलके. यकृत अल्कोहोलचे ॲसिटाल्डिहाइड आणि त्याचे ॲसिटेट करते तेव्हा दोन्ही पायऱ्यांवर एनएडी भरला जातो. काही तास जेवण न करता बरीच दारू प्यायलेल्या माणसाच्या यकृतात मोकळा एनएडी कमी आणि एनएडीएच फार अशी अवस्था येते. लॅक्टेटवरचा हायड्रोजन उतरवायला जागाच नसते. उलट यकृतातलेच पायरुवेट लॅक्टेटकडे ढकलले जाते. यकृतातला ग्लायकोजेनचा साठा उपाशीपणामुळे आधीच संपलेला असेल तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते आणि लॅक्टेट चढते. अशा माणसाची बडबड आणि अडखळणे नशेचे मानून सोडून दिले, तर साखर घसरल्याचे लक्षात येत नाही. बोटाला सुई टोचून साखर पाहणे हा तिथला पहिला उपाय.

फॉन गिर्के रोगात दार पार शेवटी बंद असते. ग्लुकोज-6-फॉस्फेटेज जन्मतः नसल्याने यकृत ग्लुकोजपर्यंत पोचते, पण त्याला चिकटलेला फॉस्फेट काढू शकत नाही. हे 1952 मध्ये कोरी दांपत्यानेच दाखवून दिले. या बाळांची साखर दूध पाजल्यावर तीन-चार तासांतच घसरते, यकृत ग्लायकोजेनने सुजते आणि रक्तात लॅक्टेट साठते. उपचार अगदी साधा वाटतो : ठरावीक तासांनी न शिजवलेला मक्याचा स्टार्च पाण्यात कालवून द्यायचा. कच्चा असल्याने तो हळूहळू पचतो आणि यकृत जे करू शकत नाही ते आतडे थोडे थोडे करीत राहते.

मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनचा एक परिणाम म्हणजे यकृताची ग्लुकोज बनवण्याची ही वाट मंदावते. उपयोग त्यामुळेच होतो. धोकाही तिथेच आहे. मूत्रपिंड निकामी होऊन औषध अंगात साठले तर लॅक्टेट वाढत जाऊन रक्त आम्लधर्मी होऊ शकते. याच कुळातले फेनफॉर्मिन याच कारणाने 1970 च्या दशकात अनेक देशांतून मागे घेतले गेले. मूत्रपिंडाचे काम तपासून मेटफॉर्मिन सुरू ठेवायचे की नाही ते ठरवण्याची पद्धत या अनुभवातून आली.

अतिदक्षता विभागात लॅक्टेटचे माप रोज घेतले जाते. विश्रांतीत ते लिटरमागे एक मिलिमोलच्या आसपास असते. चारच्या वर गेले आणि खाली येईना, तर रुग्णाची अवस्था गंभीर मानतात. पण वाढलेला आकडा म्हणजे ऊतींना ऑक्सिजन मिळत नाही, असा थेट अर्थ काढता येत नाही. ॲड्रेनालिन स्वतःच ग्लुकोज-विघटनाचा वेग वाढवते, दम्यासाठी सालब्युटामॉल वारंवार दिले तरी लॅक्टेट चढते, आणि यकृत थकलेले असेल तर नेहमीइतकेच तयार झालेले लॅक्टेटही साठत जाते. आकड्यात तयार होणे आणि उचलले जाणे या दोन्हींची वजाबाकी असते. त्यामुळे एका मापापेक्षा दोन-चार तासांच्या अंतराने घेतलेली मापे अधिक सांगतात.

फ्लेचर-हॉपकिन्सच्या काळची अडचण इथे पुन्हा उभी राहते. नळीत काढलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी जिवंत असतात आणि लॅक्टेट बनवणे थांबवत नाहीत. साध्या नळीतला नमुना खोलीच्या तापमानाला पडून राहिला की आकडा आपोआप फुगतो. म्हणून लॅक्टेटसाठी राखाडी झाकणाची, फ्लोराइड असलेली नळी वापरतात. फ्लोराइड ग्लुकोज-विघटनातले एनोलेज हे विकर अडवते. नळी बर्फात ठेवून लगेच प्रयोगशाळेत पाठवली जाते. दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवू नये आणि रुग्णाला मूठ उघडबंद करायला सांगू नये, या सूचनेमागचे कारण वरच्या चाचणीच्या वर्णनात आलेलेच आहे.

त्याच रुग्णाच्या उशाशी सलाइनच्या दांडीवर बहुधा ‘आरएल’ची, म्हणजे रिंगर लॅक्टेटची बाटली टांगलेली असते. तिच्या प्रत्येक लिटरमध्ये सुमारे 28 मिलिमोल लॅक्टेट असते आणि ते मुद्दाम घातलेले असते. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ अलेक्सिस हार्टमन याने 1930 च्या दशकात अतिसाराने रक्त आम्लधर्मी झालेल्या मुलांसाठी रिंगरच्या द्रवात सोडियम लॅक्टेट मिसळले. रक्तातले लॅक्टेट वाढले की चिंता करायची आणि बाटलीतून तेच द्यायचे, हा विरोधाभास वरवरचा आहे. बाटलीत आम्ल नसते. त्याचा सोडियमचा क्षार असतो. यकृत लॅक्टेटचे ग्लुकोज करते किंवा ते जाळून टाकते तेव्हा प्रत्येक लॅक्टेटमागे एक हायड्रोजन आयन खर्ची पडतो आणि त्याच्या जागी बायकार्बोनेट उरते. त्यामुळे रक्ताचा आम्लपणा कमी होतो. हा परिणाम यकृत काम करीत असेपर्यंतच मिळतो. यकृत गंभीररीत्या निकामी असलेल्या रुग्णाला आरएल देताना वैद्य हात राखतात आणि बऱ्याचदा ॲसिटेटवर आधारलेला द्रव निवडतात, कारण ॲसिटेट जाळायला स्नायूही पुरतात.